आधी अंग थंड, मग वजन

*"मी ३८ वर्षांची, डोंबिवलीला राहते, फोर्टला बँकेत नोकरी करते. ६ वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं, निदान झालं. शेवटचा झटका, म्हणजे रिलॅप्स, येऊन दीड वर्ष झालं, औषध नियमित चालू आहे, पण उजवा पाय कमजोर राहिला आहे. न्यूरोलॉजिस्टनी स्ट्रेंथ ट्रेनिंग करायला सांगितलं, म्हणून दोन महिन्यांपूर्वी घराजवळची जिम लावली. ऑफिस सुटलं की लोकलने यायचं, घरून स्कूटीने जिमला जायचं, सातला सुरुवात. आधी १५ मिनिटं ट्रेडमिल, मग मशीन्स, सगळा मिळून तासभर. अर्ध्या तासानंतर उजव्या डोळ्यापुढे धुकं येतं, उजवा पाय घासत चालतो, आणि दुसरा दिवस अंथरुणात जातो. ट्रेनर म्हणतो वजन कमी करा, रिपीटेशन्स वाढवा. सासूबाई म्हणतात, बंदच कर. माझा आजार व्यायामाने वाढतोय का?"*

*एक वाचक, डोंबिवली*

सप्रेम नमस्कार.

नाही, वाढत नाहीये. हे सर्वांत आधी सांगते, कारण पत्र टाकल्यापासून तुम्ही याच उत्तराची वाट पाहत असणार. डोळ्यापुढचं ते धुकं शरीर तापल्यामुळे येतं आणि शरीर निवलं की जातं. त्याला नावही आहे, उथॉफ फेनॉमेनन. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हे टिपून ठेवलं होतं. एमएसच्या काही रुग्णांची नजर श्रम केल्यावर अंधुक होते आणि विसावा घेतल्यावर पूर्ववत होते, एवढं त्याने पाहिलं. दोष श्रमांचा आहे असं त्याला वाटलं होतं, खरं कारण उष्णता आहे हे पुढे कळलं. एमआरआय नव्हता त्या काळात तर एमएसचा संशय असलेल्या माणसाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं उमटतात का, हे बघायची पद्धतच होती.

आत काय घडतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मज्जातंतूवरचं मायलिनचं आवरण जिथे झिजलंय, तिथून संदेश कसाबसा पुढे जातो. शरीराचं तापमान वाढलं की संदेशाचा प्रत्येक ठोका आखूड होतो. धडधाकट तंतूला त्याने काही फरक पडत नाही. झिजलेल्या जागी मात्र तो आखूड ठोका पुढच्या टप्प्यापर्यंत पोचण्याइतका जोरकस राहत नाही आणि वाटेतच विझतो. यासाठी ताप यावा लागत नाही, शरीर आतून अर्धा अंश तापलं तरी पुरतं. निवलं की संदेश पुन्हा जायला लागतो. तंतूला नवी इजा झालेली नसते.

रिलॅप्स कोणता आणि ही तात्पुरती अवस्था कोणती, हे घड्याळ लावून ओळखायचं. धुकं कधी सुरू झालं आणि कधी पूर्ण गेलं, दोन्ही वेळा लिहून ठेवा. थंड जागी बसल्यावर तासाभरात गेलं, तर ती उष्णता. लक्षण २४ तासांनंतरही तसंच असेल किंवा पूर्वी कधीच नव्हतं असं काही नवं असेल, तर न्यूरोलॉजिस्टना फोन करायचा. आणखी एक, डोळा फिरवताना दुखत असेल किंवा लाल रंग फिकट दिसायला लागला असेल, तर २४ तासही थांबू नका. तो डोळ्याच्या नसेचा दाह असू शकतो.

आता तुमच्या संध्याकाळीकडे वळू. माझ्या मते घोटाळा व्यायामात नाही, व्यायामाच्या आधीच्या दोन तासांत आणि पहिल्या १५ मिनिटांत आहे. संध्याकाळी शरीराचं तापमान मुळातच पहाटेपेक्षा जास्त असतं, कधी अर्धा अंश, कधी त्याहून थोडं अधिक. त्या तापमानावर तुम्ही सीएसएमटीहून ऑफिस सुटण्याच्या वेळच्या गर्दीत उभ्याने डोंबिवली गाठता. मग स्कूटी, आणि मग ट्रेडमिल. स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात तिचा बराच मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, आणि सलग १५ मिनिटं चालणं म्हणजे सलग १५ मिनिटं शेगडी पेटती ठेवणं. पहिल्या मशीनवर बसण्याआधीच तुमच्या वाट्याचा अर्धा अंश संपलेला असतो.

याच्या तुलनेत वजन उचलणं फार थोडी उष्णता करतं. एक सेट ३०-४० सेकंदांचा, मग विश्रांती. म्हणून एमएसमध्ये, आणि विशेषतः उष्णता सोसत नाही अशा माणसाला, स्ट्रेंथ ट्रेनिंग सोयीचं पडतं. तुमच्या डॉक्टरांनी योग्यच सांगितलं आहे. ट्रेनरचा सल्ला मात्र उलटा आहे. त्याचा हेतू चांगला असेल, पण हलकं वजन आणि २५-३० रिपीटेशन्स म्हणजे सेट लांबणार, उष्णता वाढणार, आणि झिजलेल्या तंतूवरून एकामागून एक जास्त संदेश धाडावे लागणार. अशा तंतूला संदेशांची लांब रांग सोसत नाही, आधी थोडे गळतात, मग बरेच. तेव्हा वजन ठेवा, वेळ कापा. तासाचे २५ मिनिटं करा आणि त्यातली बहुतेक मिनिटं विश्रांतीची असू द्या.

ट्रेडमिल पूर्ण काढून टाका. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. फिजिओथेरपीच्या सुरुवातीच्या वर्षांत एमएसच्या एका तरुण रुग्णाला मी नेहमीच्या सवयीने आधी दहा मिनिटं सायकल चालवायला लावायचे. मे महिन्यात एक दिवस सायकलवरून उतरल्यावर त्याचा पाय उचललाच जाईना, भिंत धरून तो कसाबसा खुर्चीपर्यंत आला. मी घाबरले, तो माझ्याहून जास्त घाबरला. पाऊण तासाने तो नीट चालत घरी गेला. त्यानंतर मी त्याचा वॉर्म-अप बदलला. जो व्यायाम करायचा तोच निम्म्या वजनाने आठ वेळा, बस. सांध्यांना आणि स्नायूंना तेवढं पुरतं. चालण्याचा दम वाढवायचा असेल तर त्याला वेगळा दिवस द्यायचा, ताकदीच्या दिवसाला तो जोडायचा नाही.

आठवड्याला दोन दिवस पुरेत. तुमच्या वेळापत्रकात मला रविवारची सकाळ आणि बुधवारची संध्याकाळ बसते. रविवारी साडेसातला जिम, तेव्हा शरीर थंड असतं, लोकल नसते आणि उरलेला दिवस विश्रांतीला हाताशी असतो. बुधवारी जिमला जायचंच नाही, घरी करायचं. दोन्हीमध्ये दोन दिवसांहून जास्त अंतर राहतं, तेवढं हवंच.

रविवारचा क्रम असा ठेवा. लेग प्रेसवर आधी एकटा उजवा पाय. कमजोर पायाचं काम सर्वांत आधी, शरीर थंड आहे तोवर. वजन असं निवडा की दहा वेळा ढकलून झाल्यावर आणखी दोनदा नक्की जमलं असतं असं वाटावं. मग दोन मिनिटं नुसतं बसायचं. त्यानंतर सीटेड रो, म्हणजे पाय स्वस्थ आणि काम पाठीला, तेही दहा वेळा. पुन्हा दोन मिनिटं. मग लेग प्रेसवर डावा पाय, उजव्याला जे वजन दिलं तेच आणि तेवढ्याच वेळा. डाव्याला ते हलकं वाटेल, वाटू द्या, दोन पायांतली दरी आपल्याला रुंद करायची नाही. ही फेरी दुसऱ्यांदा करायची. शेवटी खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं आठ वेळा, आणि रबरी बँड उजव्या चवड्याला अडकवून चवडा आपल्याकडे ओढणं दहा वेळा, हे दोन्ही आलटून पालटून दोनदा. एकूण दहा सेट होतात. खरं काम सात मिनिटांच्याही आत, बाकी विश्रांती, आणि सगळं पंचविसाव्या मिनिटाला संपतं. एवढ्यासाठी जिमची फी भरायची का, असं ट्रेनरच्या चेहऱ्यावर दिसेल. भरायची. स्नायूला वाढायला लागणारा ताण त्या सात मिनिटांत पुरेपूर मिळतो. तासभर चालल्यामुळे तो वाढत नव्हता, थकवा तेवढा वाढत होता.

बुधवारी घरी हाच साचा. खुर्ची, खिडकीच्या गजाला बांधलेला बँड ओढणं, चवड्याचा बँड, आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणं. ऑफिसमधून आल्या आल्या सुरू करू नका. अंघोळ करून, पंख्याखाली किंवा एसीत अर्धा तास पडून, मग. पहिले काही आठवडे घरात कुणीतरी असताना करा. सासूबाई असतील तर उत्तमच. त्या शेजारी बसून बघतील की हे काही धावपळीचं काम नाही, आणि त्यांची काळजी माझ्या चार शब्दांपेक्षा त्याने लवकर मिटेल.

आता थांबायचं कधी, कारण सेट मोजून हे कळत नाही. थकवा दोन जातींचा असतो आणि त्यांची ओळख पटायला हवी. एक स्नायूचा. मांडी जळते, भरून येते, दोन मिनिटं बसलं की उतरते. तो हवासा थकवा आहे. दुसरा तंतूचा. त्यात काही जळत नाही, दुखत नाही, पाय फक्त सांगितलेलं ऐकत नाही. चवडा जड होतो, चालताना बोटं जमिनीला लागतात, पायातली चप्पल निसटते आणि निसटल्याचं उशिरा कळतं. हा दुसरा आला की त्या दिवसाचं पायाचं काम संपलं, कितवा सेट होता ते महत्त्वाचं नाही. जोर लावून पुढे रेटलं तर तुम्ही कंबर उचलून, पाय बाजूने फिरवून हालचाल पूर्ण कराल, आणि ताकदीऐवजी चुकीची चाल पक्की होईल.

तो येण्याआधी पकडायची एक सोपी युक्ती मी माझ्या रुग्णांना देते. सुरुवातीला खुर्चीत बसून, टाच जमिनीवर टेकवून, उजवा चवडा दहा वेळा वर उचलायचा आणि तो किती वर येतो ते बघून ठेवायचं. पायाच्या प्रत्येक सेटनंतर विश्रांतीत तेच पुन्हा करायचं. सातव्या-आठव्या वेळेला चवडा पहिल्याच्या निम्मा उचलला जात असेल, तर आणखी दोन मिनिटं थांबा आणि परत बघा. तरीही निम्माच असेल तर हाताचा व्यायाम करून घरी जा. डोळ्यापुढचं धुकं फार उशिरा इशारा देतं, चवडा आधी सांगतो.

थंडाव्याचं मुंबईतलं गणित वेगळं आहे. कोरड्या हवेच्या गावी घाम उडतो आणि अंग निवतं. आपल्याकडे मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये हवा एवढी दमट असते की घाम उडतच नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम अंग थंड करत नाही. म्हणून थर्मामीटरवर ३३ अंश दिसले तरी तुम्हाला ते नागपूरच्या ४० पेक्षा जड जाऊ शकतं. पंखा एकटा इथे पुरत नाही. जिममध्ये एसी चालू आहे ना, आणि तुमची मशीन्स त्याच्या झोतात येतात की खांबाआड, हे एकदा नीट बघून घ्या. रविवारी सकाळी वीज वाचवायला एसी उशिरा लावत असतील, तर आधी फोन करून ठेवा.

सर्वांत उपयोगी पडतो तो व्यायामाआधीचा थंडावा. शरीर आधीच थोडं खाली आणून ठेवलं की वर चढायला जास्त जागा मिळते. निघण्यापूर्वी गार पाण्याने अंघोळ करा, आणि वीस मिनिटं आधीपासून बर्फाच्या चुऱ्यातलं लिंबू सरबत पेलाभर, घोट घोट घ्या. बर्फ पोटात वितळताना शरीराचीच उष्णता घेतो, त्यामुळे तो नुसत्या गार पाण्यापेक्षा जास्त काम करतो. थंडगार ओला नॅपकिन मानेभोवती ठेवा, दर दुसऱ्या विश्रांतीत तो बाटलीतल्या बर्फाच्या पाण्यात पिळून घ्या. बर्फाच्या पिशव्या घालायचं कूलिंग जॅकेटही मिळतं, पण २५ मिनिटांसाठी तुम्हाला ते लागेल असं वाटत नाही. आधी नॅपकिन करून बघा.

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. पायाची किंवा हाताची संवेदना कमी असेल तिथे बर्फ थेट लावायचा नाही, त्वचा पोळली तरी कळत नाही. आणि काही जणांचे पाय फार थंडीने उलट आखडतात. गार अंघोळीनंतर पोटरी ताठ वाटली तर पाणी कोमट करा आणि थंडावा मानेपुरता ठेवा.

पाण्याबद्दल स्पष्ट विचारते, कारण पत्रात बायका हे लिहीत नाहीत. लघवीची घाई होते म्हणून तुम्ही दुपारपासून पाणी पिणं बंद करता का? लोकलचा प्रवास म्हटला की एमएस असलेल्या बऱ्याच जणी तेच करतात. पण पाणी कमी पडलं की घाम कमी येतो, शरीर लवकर तापतं, लघवीत जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते, आणि त्या संसर्गानेही जुनी लक्षणं रिलॅप्ससारखी डोकं वर काढतात. पाणी दिवसभर थोडं थोडं घ्या, जिमला निघताना आणि सुरू करण्याआधी बाथरूमला जाऊन या. घाईचा त्रास जास्त असेल तर त्यावर उपचार आहेत, न्यूरोलॉजिस्टना सांगायला संकोचू नका. लघवी करताना जळजळ असेल, कणकण असेल किंवा सर्दी-ताप असेल, त्या आठवड्यात व्यायाम नाही.

दुसऱ्या दिवशी अंथरुणात जाणं हे मात्र सगळं उष्णतेवर ढकलू नका. वरचे बदल करून तीन आठवडे रोज सकाळी वहीत एक ओळ लिहा, रात्री कितीदा उठावं लागलं आणि सकाळचा चहा स्वतः करावासा वाटला की नाही. फक्त गुरुवार आणि सोमवार वाईट जात असतील तर व्यायामाचं माप अजून मोठं आहे. प्रत्येक व्यायामाचा एक सेट कमी करा, वजनाला हात लावू नका. पण मंगळवार-शनिवारही तेवढेच वाईट असतील, तर कारण व्यायामाबाहेर आहे. रात्री तीन-चारदा लघवीला उठल्याने मोडणारी झोप, पाय सैल करायला दिलेल्या बॅक्लोफेनची गुंगी, कमी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, मनाची उदासी, हे सगळं एमएसच्या थकव्याच्या आड लपून बसतं आणि प्रत्येकावर स्वतंत्र इलाज आहे. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. औषधाचा डोस स्वतःहून बदलू नका.

तीन आठवडे नीट गेले, चवडा शेवटपर्यंत वर येतोय आणि गुरुवारची सकाळ इतर दिवसांसारखी आहे, तर पुढचं पाऊल. आधी दहाचे बारा करा. दोन्ही सेटमध्ये बारा सहज झाले की लेग प्रेसला सर्वांत लहान प्लेट वाढवा आणि पुन्हा दहावर या. एका वेळी एकाच व्यायामात बदल करा, म्हणजे काही बिनसलं तर कशाने ते कळेल. वेळ पंचविसावरून फार तर तिसावर न्या, तीही ऑक्टोबरचा उकाडा सरून हवा गार झाल्यावर. ऑक्टोबरच्या उकाड्यात एक पायरी मागे यावं लागेल, ती अधोगती समजू नका. रिलॅप्स आला, स्टिरॉइडची सलाइन लागली, तर लक्षणं स्थिर होईपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा. नंतर सुरुवात निम्म्या सेटने करा.

ट्रेनरला हे सगळं समजावत बसू नका. एका कागदावर चार व्यायाम, दहा वेळा, मध्ये दोन मिनिटं, आणि "चवडा उचलला गेला नाही तर बंद" एवढं लिहून द्या. विश्रांतीत तो "चला चला" करायला लागला तर तोच कागद दाखवा.

आणि एक काळजीची गोष्ट राहिली. धुकं असताना तुम्ही स्कूटीवरून घरी येत होतात, हे वाचून मी दचकले. उजवा डोळा अंधुक आणि थांबताना टेकायचा उजवा पाय न ऐकणारा, असं डोंबिवलीच्या रस्त्यावर यायचं नाही. व्यायाम झाला की एसीखाली वीस मिनिटं बसा, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ एकेक डोळा झाकून वाचा, चवडा दहा वेळा उचलून बघा. दोन्ही पहिल्यासारखं झालं असेल तरच किल्ली हातात घ्या, नाहीतर रिक्षा करा. स्कूटी संध्याकाळी कुणीतरी आणेल.